केल्याची जाण

दोन वर्षांपूर्वी मी एका मराठी कथेचा इंग्रजी अनुवाद करत होते. कथेत दोन भाऊ आहेत. थोरला गावी शेती बघतो, धाकटा पुण्यात नोकरीला असतो. धाकट्याच्या मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे आणि फी भरायला ८० हजार रुपये कमी पडत आहेत. थोरला बँकेतली मुदत ठेव मोडतो आणि पैसे पाठवून देतो. पुढे पंधरा दिवसांनी धाकटा गावी येतो, तेव्हा ओसरीवर दोघांत जे बोलणे होते ते एवढेच:

"दादा, पैसे मिळाले."
"हं."
"तू स्वतःला काही ठेवलंस की नाही?"
"जेव आधी. तुझ्या वहिनीनं पिठलं केलंय."

अनुवाद छापणाऱ्या संपादक इंग्रजी मातृभाषा असलेल्या होत्या. त्यांनी या ओळींसमोर समासात लिहिले होते की हा धाकटा भाऊ इतका कृतघ्न का दाखवला आहे, आणि वाचकाच्या मनात त्याच्याविषयी राग निर्माण व्हावा असा लेखकाचा हेतू आहे का. तसा हेतू नसेल, तर पहिल्या वाक्यानंतर एक 'थँक यू' घालावे, अशी त्यांची सूचना होती.

ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले, कारण मूळ कथेत याच चार ओळींपाशी माझा गळा दाटून आला होता. ज्या प्रसंगात मला धाकट्याची कृतज्ञता सर्वांत जास्त दिसली होती, नेमक्या त्याच प्रसंगात एका जाणत्या आणि सहृदय वाचकाला ती मुळीच दिसली नव्हती. यात त्यांची चूक नव्हती. माझ्या अनुवादात काहीतरी गळले होते आणि ते काय, हे शोधण्यासाठी मला आधी मराठीत तिथे काय आहे हे नीट पाहावे लागले.

'धन्यवाद' हा शब्द आपल्याकडे आहे, 'आभार' आहे, 'ऋणी' आहे. पण हे शब्द आपण कुठे वापरतो हे पाहिले, तर ते बहुतेक व्यासपीठावर, पत्राच्या शेवटी आणि परक्या माणसाशी बोलताना येतात. समारंभाच्या शेवटी कुणीतरी उठून आभारप्रदर्शन करतो, तेव्हा आपल्याला खटकत नाही. जेवून उठलेल्या मुलाने आईला 'मी तुझा आभारी आहे' असे म्हटले, तर मात्र त्या घरात काहीतरी बिघडले आहे असेच आपण समजू. महादेव आपटे यांनी १९७४ साली 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ द सोशिऑलॉजी ऑफ लँग्वेज' या नियतकालिकातल्या लेखात नेमका हाच विषय मांडला होता. अमेरिकी इंग्रजीतल्या 'थँक यू'शी त्यांनी मराठी आणि इतर दक्षिण आशियाई भाषांमधल्या व्यवहाराची तुलना केली होती, आणि कुटुंबात व जवळच्या माणसांत आभाराचे शब्द उच्चारणे आपल्याकडे अपेक्षित नसते, उलट ते नात्यात अंतर पाडणारे वाटू शकते, हे दाखवले होते.

अंतर का पडते, याचे उत्तर मला आपल्या रोजच्या शब्दांत सापडते. उपकार 'फेडले' जातात, ऋण 'फेडले' जाते, आईवडिलांचे पांग 'फेडले' जातात. हे क्रियापद कर्जाचे आहे. कर्ज फिटले की देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा संबंध संपतो, आणि आभाराचा शब्द हा त्या फेडीचा पहिला हप्ता असल्यासारखा ऐकू येतो. दादाने ठेव मोडली आणि धाकट्याने लगेच आभार मानले, तर त्याने जणू तिथल्या तिथे पावती फाडून दिली. घरातल्या माणसांचा हिशेब असा मिटवायचा नसतो, तो उघडाच ठेवायचा असतो.

याचा अर्थ कृतज्ञता मागितलीच जात नाही असा नाही. ती फार कठोरपणे मागितली जाते, फक्त तिचे नाव वेगळे आहे. एखाद्या मुलाविषयी आपण म्हणतो, 'त्याला केल्याची जाण आहे.' एखाद्याविषयी तक्रार असते तीही हीच, की इतके केले पण त्याला जाण नाही. 'कृतज्ञ' या संस्कृत शब्दाचा अर्थही केलेले जाणणारा असाच आहे. मागणी आहे ती जाणण्याची. समोरच्याने काय केले आणि त्याला ते किती जड गेले, हे तुला ठाऊक आहे का, एवढेच पाहिले जाते, आणि ते ठाऊक असल्याचे उच्चारून दाखवण्यापेक्षा कळू दिले जाते.

माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा दीड महिना त्यांचे सगळे मी केले. त्या काळात त्यांनी मला बरे वाटावे असा एकही शब्द काढला नाही, आणि मला तो हवा होता असेही नाही. एके दिवशी शेजारच्या काकू भेटायला आल्या. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा चढाच: "रात्री दोनदा उठायची ही. मी हाक मारायच्या आधी उठलेली असायची." मी दोनदा उठत होते हे त्यांनी मोजले होते. काकूंना सांगितलेले ते वाक्य माझ्यासाठी होते, हे आम्हा तिघींनाही कळत होते. मी चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा विषय बदललेला होता.

आता धाकट्या भावाच्या तिसऱ्या ओळीकडे पाहावे. 'तू स्वतःला काही ठेवलंस की नाही?' या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आहे हे विचारणाऱ्याला पक्के ठाऊक आहे. ती ठेव शेवटची होती, हे त्याने ओळखले आहे. 'की नाही' या दोन शब्दांत थोडा रागही आहे. एरवी रागवायचा हक्क थोरल्याचा, पण या एका वाक्यापुरता तो धाकट्याने घेतला आहे. तुझ्यावर काय वेळ आली हे मला माहीत आहे, आणि तू ती माझ्यासाठी ओढवून घेतलीस याचा मला त्रास होतो, इतके सगळे त्यात आहे. 'थँक यू' याच ओळीत आहे. संपादकांना ते पहिल्या ओळीत हवे होते आणि तिथे ते सापडले नाही.

माझ्या पहिल्या खर्ड्यात ही ओळ 'डिड यू कीप एनीथिंग फॉर युवरसेल्फ?' अशी होती. शब्दाला शब्द बरोबर. पण इंग्रजीत ती नुसती चौकशी झाली होती, आणि पैशांच्या संदर्भात तर हिशेब विचारल्यासारखी. विचारणाऱ्याला उत्तर माहीत आहे, ही मूळ ओळीतली मुख्य गोष्टच नाहीशी झाली होती.

पहिली ओळ त्याहून जास्त बिघडली होती. 'दादा, पैसे मिळाले' याचे मी 'दादा, आय गॉट द मनी' असे केले होते. मराठी वाक्यात 'मी' हा शब्दच नाही. हाक आहे, पैसे आहेत, आणि ते मिळाले. इंग्रजी वाक्य मात्र 'आय' पुढे करून उभे राहते, त्यामुळे बोलणाऱ्याचा लाभ आधी दिसतो आणि भाऊ फक्त संबोधनापुरता उरतो. दुसऱ्या ओळीतल्या 'हं'चे मी 'हम्म' केले होते. आपले 'हं' म्हणजे ऐकले, पोचले, आता पुढे बोलू नकोस. इंग्रजीतल्या 'हम्म'मध्ये शंका किंवा नाराजी ऐकू येते. म्हणजे माझ्या अनुवादात धाकटा स्वतःचे बोलत होता, थोरला नाराज होता, आणि मग धाकटा उरलेल्या पैशांची चौकशी करत होता. संपादकांना तो कृतघ्न वाटला यात काहीच नवल नव्हते.

तीन मार्ग समोर होते. संपादक म्हणत होत्या तसे 'थँक यू' घालायचे, तर इंग्रजी वाचकाचे समाधान झाले असते, पण दोन भाऊ एकमेकांना परके झाले असते, आणि पुढची ओळ निरर्थक ठरली असती, कारण जे बोलून झाले ते पुन्हा आडून सांगायचे कारण उरत नाही. तळटीप देऊन मराठी घरांची रीत समजावायची, तर ओसरीवरच्या त्या प्रसंगात तिसरा माणूस येऊन बसला असता. 'तो भरल्या आवाजात म्हणाला' असे निवेदनात घालणे सर्वांत सोपे होते. माझ्या मते तो सर्वांत वाईट मार्ग होता, कारण लेखकाने जे जाणूनबुजून टाळले ते अनुवादकाने त्याच्या तोंडी घालणे हा मला उद्धटपणा वाटतो.

शेवटी मी नवे फारसे काही घातले नाही, आहे ते हलवले. पहिली ओळ 'इट केम, दादा. ऑल ऑफ इट.' अशी केली. 'आय' गेला. 'ऑल ऑफ इट' हे तीन शब्द मूळात नाहीत, पण रकमेचा आकार धाकट्याच्या मनात आहे हे ते सांगतात, आणि मराठीत तो भार ओळीनंतरच्या शांततेवर होता. 'हं'चे 'गुड' झाले. तिसऱ्या ओळीचा प्रश्न काढून मी विधान केले: 'यू हॅवन्ट लेफ्ट युवरसेल्फ एनीथिंग, हॅव यू.' शेवटी प्रश्नचिन्ह न देता पूर्णविराम दिला. इंग्रजीत असा वाक्याच्या शेपटाचा प्रश्न पूर्णविरामासह आला, की बोलणाऱ्याला उत्तर ठाऊक आहे आणि त्याला ते सहन होत नाही, हे दोन्ही ऐकू येते. चौथ्या ओळीतला 'आधी' मी सोडून दिला. 'जेव आधी' म्हणताना 'नंतर मग बोलू' असे थोरल्याला म्हणायचेच नाही. त्याला विषय संपवायचा आहे, आणि 'फर्स्ट' या शब्दाने तो लांबणीवर पडल्यासारखा वाटत होता. 'कम अँड ईट' एवढे पुरले. 'वहिनी' आणि 'पिठलं' हे शब्द तसेच ठेवले.

संपादकांचे उत्तर एका ओळीचे होते. त्यांनी स्वतःची सूचना मागे घेतली होती.

दिलगिरीचे काम याहून अवघड असते, कारण तिथे बहुधा कुणाचातरी मान अडकलेला असतो. दुसऱ्या एका कथेत सासूची सोन्याची पाटली हरवते. ती सुनेवर उघड आळ घेत नाही, पण दोन दिवस तिच्याशी बोलत नाही, आणि सुनेला जे कळायचे ते कळते. तिसऱ्या दिवशी दुपारी सासू स्वयंपाकघराच्या दारात येते.

"अगं, सापडली पाटली. पिठाच्या डब्यात होती. मेलं म्हातारपण."
सून काही बोलत नाही.
"जेवली नसशील अजून. माझ्याबरोबर बस आज."
"बसा तुम्ही. मी वाढते."

'माझं चुकलं' हे शब्द मराठीत आहेत आणि ते घरातही बोलले जातात. पण ते सहसा लहानाने मोठ्यापुढे बोलायचे असतात. मोठ्या माणसाला चूक कबूल करायची असेल, तर ती वस्तूवर, वेळेवर, वयावर टाकून कबूल केली जाते आणि मग लगेच जेवणाचा किंवा चहाचा विषय निघतो. इथे सासूने चूक म्हातारपणावर टाकली आहे. पण म्हातारपण तिचेच आहे, तेव्हा शिवीही तिने स्वतःलाच घातली आहे. 'मेलं म्हातारपण' याचे इंग्रजीत 'रेचेड ओल्ड एज' केले, तर तो वयावरचा सर्वसाधारण शेरा होतो. मी 'धिस ओल्ड हेड ऑफ माइन' असे केले. शिवी सौम्य झाली, पण दोष नेमका बोलणारीच्या अंगावर राहिला, आणि मला त्या ठिकाणी तेच महत्त्वाचे वाटले.

खरी माफी मात्र पुढच्या ओळीत आहे: 'माझ्याबरोबर बस आज.' त्या घरात सून सगळ्यांच्या मागून जेवते. सासूने तिला पंगतीला बोलावणे ही त्या घरातली फार मोठी गोष्ट आहे, आणि 'आज' या शब्दाने ती किती अपवादाची आहे हेही सांगितले आहे. इंग्रजी वाचकाला हे कसे कळावे? या ओळीत काहीही केले तरी ते कळणार नाही. ते काम आठ पाने मागे करावे लागते. कथेच्या सुरुवातीला एका लांब वाक्याच्या पोटात सून सर्वांत शेवटी ताट घेते असा उल्लेख होता, आणि माझ्या खर्ड्यात तो इतर तपशिलांत बुडून गेला होता. मी त्या लांब वाक्याचे दोन तुकडे केले आणि हा उल्लेख स्वतंत्र, छोट्या वाक्यात आणला. वाचकाला ते लक्षात राहिले, तर दाराशी उभ्या असलेल्या सासूच्या तोंडी 'सॉरी' घालायची गरजच पडत नाही.

सुनेच्या उत्तरावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. 'बसा तुम्ही. मी वाढते.' तिने माफ केले की नाही, हे लेखिकेने सांगितलेले नाही. ती वाढणार आहे, म्हणजे घर पूर्ववत झाले. ती बरोबर बसणार नाही, म्हणजे ते दोन दिवस ती विसरलेली नाही. 'तुम्ही'मधला आदर नेहमीचाच आहे, त्यामुळे त्यातून काही काढता येत नाही. इंग्रजीत 'तुम्ही' हरवते आणि 'यू सिट' हे आज्ञेसारखे वाटते, म्हणून मी आधी 'सिट डाउन, आई' असे केले होते. पण हाकेने वाक्यात माया आली आणि पारडे माफीकडे झुकले. मग हाक काढली आणि 'यू सिट. आय विल सर्व्ह.' असेच कोरडे ठेवले. सासूने आधी सरळ 'सॉरी' म्हटले असते, तर याच उत्तराचा अर्थ एकतर मान्यता किंवा नकार असा एकच झाला असता. दोन्ही अर्थ जिवंत राहायचे असतील, तर सासूचे न बोलणे इंग्रजीतही न बोललेलेच राहायला हवे.

छोट्या चुकांच्या कबुलीत मराठी व्याकरण एक सोय करून देते आणि तिचा अनुवादात नेहमी घोटाळा होतो. 'कप फुटला' असे म्हणणे म्हणजे अंग काढून घेणे. 'कप फोडला' म्हणजे मुद्दाम केल्यासारखे. या दोहोंच्या मध्ये 'माझ्या हातून कप फुटला' हे वाक्य आहे. त्यात हात माझा आहे हे मान्य आहे आणि मनात तसे नव्हते हेही सांगून झाले आहे. घरात ही पुरेशी दिलगिरी समजली जाते आणि तिचे उत्तर 'लागलं नाही ना?' असे येते. याचे 'द कप ब्रोक' केले, तर पात्र लबाड वाटते. अशा ठिकाणी मी 'आय ड्रॉप्ट इट' यासारखे क्रियापद शोधते, ज्यात कर्ता आहे पण हेतू नाही. प्रत्येक वेळी तसे क्रियापद सापडतेच असे नाही, आणि तेव्हा एखादे 'सॉरी' घालायला माझी हरकत नसते, कारण कपाच्या बाबतीत कुणाचा मान पणाला लागलेला नसतो.

शहरांतल्या घरांत आता 'थँक्यू गं' आणि 'सॉरी हं' सर्रास ऐकू येते, आणि अलीकडच्या कथांतही ते दिसते. हे शब्द घरात शिरले ते परके आहेत म्हणूनच, असे मला वाटते. त्यांना 'आभार'चे वजन नाही आणि 'क्षमा'चे गांभीर्य नाही, म्हणून ते भाजी चिरून दिल्याबद्दलही म्हणता येतात. अनुवाद करताना हा हलकेपणा राखायला हवा. मराठी पात्राचे 'थँक्यू गं' इंग्रजीत पूर्ण 'थँक यू' झाले, तर ते उगाच औपचारिक होते. तिथे नुसते 'थँक्स' बरे. आणि कुणी घरात 'उपकार झाले' असे म्हटले, तर तो टोमणा असतो हे सांगायला नकोच.

मात्र एक गोष्ट मला स्वतःला बजावून सांगावी लागते. आपल्या घरांतले प्रत्येक मौन प्रेमाचे नसते. कित्येक बायकांनी आयुष्यभर सगळ्यांचे केले आणि कुणाला त्याची जाण नव्हती, हेही तितकेच खरे आहे, आणि चांगले लेखक तेही लिहितात. अशा प्रसंगाला अनुवादात ऊब दिली, तर तो लेखकावर आणि त्या बाईवर अन्याय आहे. म्हणून मी एक गोष्ट पाहते. जिथे आभार किंवा माफी बोलली गेली नाही, तिथे तिच्या जागी दुसरे काही आले आहे का? एखादा प्रश्न, एखादी काळजी, ताटात वाढलेले जास्तीचे काही, तिसऱ्या माणसाला सांगितलेला तपशील? असेल, तर ते इंग्रजीत ऐकू येईल असे करणे माझे काम आहे. नवऱ्याने ताट सरकवले, हात धुतला आणि वर्तमानपत्र उघडले, एवढेच असेल, तर इंग्रजीतही एवढेच असावे. समासात कुणी 'हा असा का?' असे विचारले, तर तो तसाच आहे असे उत्तर द्यावे.

सध्या माझ्यापुढे एका कादंबरीतले शेवटचे पान आहे. नवरा अंथरुणाला खिळलेला आहे. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोला बरे म्हटल्याचे कादंबरीत कुठेही आलेले नाही. आता तो म्हणतो, "फार केलंस." एवढेच. कशाबद्दल, कुणासाठी, काही नाही. हे तेच 'करणे' आहे, जे सासूचे, सासऱ्याचे, लेकरांचे केले असे आपण म्हणतो, आणि त्याला इंग्रजीत एक शब्द नाही. 'यू हॅव डन सो मच' हे निरोप समारंभातले वाक्य झाले. 'यू डिड एव्हरीथिंग' यात तक्रारीचा वास येतो. आठवडाभर मी ते कागदावर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहिले आणि काल रात्री 'यू लुक्ट आफ्टर मी' वर थांबले. त्यात 'फार' गेले आहे, आणि ते गेल्याची मला खंत आहे. पण बायकोचे उत्तर त्याच्यामागे बरोबर बसते. ती म्हणते, "गप्प पडा बघू, औषधाची वेळ झालीय." 'हश. इट्स टाइम फॉर युवर मेडिसिन.' मूळात यापुढे ती चमचा पुसते असे वाक्य आहे. ते मी जसेच्या तसे ठेवले आहे.